यंत्रमागाच्या मूक एआय क्लिपला खरा वाटेल असा आवाज

प्रश्न: सोलापुरी चादरीच्या कारखान्याच्या तीन क्लिप एआयवर बनवल्या आहेत. प्रत्येकी 5 सेकंदांच्या, सेकंदाला 24 फ्रेमच्या, आवाज अजिबात नाही. पहिलीत आख्खी शेड, दुसरीत एक माग जवळून, तिसरीत कामगार दारातून बाहेर गल्लीत येतो. नेटवरून मागाचा आवाज उतरवून खाली लावला, पण चित्र वेगळं आणि आवाज वेगळा असंच वाटतं. नेमकं काय चुकतंय?

उत्तर:

नेटवरच्या ‘माग’ नावाच्या फाईलमध्ये समोरचा माग, बाजूचे वीस माग, पत्र्याच्या छताचा घुमारा आणि पंख्याची घरघर असं सगळं एकजीव झालेलं असतं. त्यातला ठोका कुठल्या तरी दुसऱ्या मागाचा असतो, तुमच्या चित्रातल्या मागाचा नसतो. ती फाईल तिन्ही क्लिपखाली लावली की शेड दुरून दिसो, माग जवळून दिसो किंवा माणूस उन्हात उभा असो, कान मात्र एकाच जागी बसून राहतो. त्यामुळे आवाज तीन भागांत वेगळा करायचा: तिन्ही क्लिपखालून अखंड वाहणारा शेडचा घरघराट, समोरच्या मागाचे ठोके, आणि माणसाची व गल्लीची बारीकसारीक चाहूल. हे तीन भाग वेगळ्या ट्रॅकवर असले, तरच प्रत्येकाची जागा आणि अंतर बदलता येतं.

पण आवाजाला हात लावण्याआधी चित्राचा वेग तपासा. एआय क्लिपमधली हालचाल बऱ्याचदा खऱ्यापेक्षा संथ असते, आणि संथ चित्राखाली खऱ्या वेगाचा आवाज कधीच बसत नाही. फाईलचा फ्रेमदर आधी पाहून घ्या, कारण काही मॉडेलं 24 ऐवजी 16 फ्रेम देतात (वॅन 2.1 चं प्रमाण 16 चंच आहे), आणि मोबाईल अ‍ॅपमधून फिरून आलेल्या फाईलचा दर मध्येच बदलताही असू शकतो.

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=r_frame_rate,avg_frame_rate,nb_frames -of default=nw=1 clip2.mp4
```

`r_frame_rate` आणि `avg_frame_rate` हे दोन्ही आकडे सारखे आले तर पुढे जा. ते वेगळे आले तर दर बहुधा अस्थिर आहे. मग ती फाईल स्थिर दराने पुन्हा काढून घ्या, नाहीतर सुरुवातीला जुळवलेला ठोका शेवटी सरकलेला दिसेल.

आता दुसरी क्लिप एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहा. मागाची फणी पुढे येऊन कापडावर दाबली जाते ती फ्रेम दरवेळी टिपा. एआयच्या क्लिपमध्ये धोटा अनेकदा दिसतच नाही, किंवा मध्येच विरघळून दुसऱ्या बाजूला उगवतो, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका. फणीची पुढे-मागे हालचाल तेवढी बहुतेक वेळा शाबूत राहते. समजा दोन दाबांमध्ये सरासरी 17 फ्रेम निघाल्या. 24 फ्रेमच्या हिशेबाने ते 0.71 सेकंद झाले, म्हणजे मिनिटाला 85 फेऱ्या. धोट्याचा साधा यंत्रमागही मिनिटाला शंभराच्या वर चालतो, त्यामुळे ज्याने माग पाहिलाय त्याला ही क्लिप जडच वाटणार. वेग 120 टक्के करा. 120 फ्रेमच्या 100 होतील आणि दोन दाबांतलं अंतर सुमारे 14 फ्रेमवर येईल. पहिल्या क्लिपलाही तोच वेग द्या, म्हणजे दुरून दिसणारे माग आणि जवळून दिसणारा माग एकाच कारखान्यातले वाटतील. तिसऱ्या क्लिपसाठी माणसाची पावलं मोजा. सामान्य चालीत मिनिटाला 100 ते 120 पावलं पडतात, म्हणजे 24 फ्रेममध्ये दर 12 ते 14 फ्रेमला एक. पंधरा आल्या तर राहू द्या, पाळी संपवून निघालेल्या माणसाला ती चाल शोभते. अठरा आल्या तर वेग वाढवा. ही कामं संपवून नव्या फाईली काढा आणि मगच पुढची मोजणी करा.

मागाच्या एका फेरीत मुख्य आवाज तीन असतात. पिकिंग स्टिक धोट्याला मारते तो कडक, लाकडी ‘ठक’. धोटा पलीकडच्या पेटीत जाऊन अडतो तो जरा बोथट ‘टक’. आणि फणी बाणा कापडात दाबते तो जड ‘धप’, ज्याला लोखंडाचा खडखडाट चिकटलेला असतो. साध्या मागावर धोटा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून सुटतो. म्हणून एका फेरीत ‘ठक’ कॅमेऱ्याजवळ पडतो आणि पुढच्या फेरीत पलीकडे. ही अदलाबदल साधली नाही तर सगळं जागेवर ठेवूनही आवाज शिवणयंत्रासारखा एकसुरी होतो. साधली की ऐकणाऱ्याला मागाची रुंदी जाणवते. जवळच्या ठोक्यापेक्षा पलीकडचा 4 ते 5 डेसिबल खाली ठेवा, त्याचे उंच सूर थोडे कापा आणि दोघांना स्टिरिओत समोरासमोर, साधारण 30-30 टक्के सरकवा. पूर्ण डावी-उजवी करू नका, हेडफोनवर ते कानात टोचतं.

हे आवाज घरात बनवता येतात, आणि मुद्दाम तसेच बनवा, कारण ते सुटे आणि कोरडे मिळतात. ‘ठक’साठी जाड लाकडी पाटाच्या कडेवर लाटण्याचा फटका. ‘टक’साठी तोच पाट, खाली एक घडी घातलेला पंचा. ‘धप’साठी लाकडी दिवाणावर चार घड्यांची चादर ठेवून मूठ आपटायची. खडखडाटासाठी पत्र्याच्या छोट्या डब्यात चार-पाच नट टाकून डबा एकदाच झटकायचा. प्रत्येकाचे आठ-दहा फटके घ्या, कारण एकच फटका सात वेळा चिकटवला की कान ते दुसऱ्या-तिसऱ्या वेळेलाच ओळखतो. 48 किलोहर्ट्झ, 24 बिटवर, सर्वांत मोठा फटका उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील इतका गेन ठेवा. पंखा बंद, खिडकी बंद, माइक फटक्यापासून वीतभर ते हातभर. फार जवळ नेला तर ‘धप’ फुगून फुसका होतो.

आता ठोके चित्रावर बसवायचे. इथेच सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून सावकाश पाहू. वेग वाढवल्यानंतर फणी पुढे टेकण्याच्या फ्रेम समजा अशा मिळाल्या: 8, 23, 36, 50, 66, 79, 93. मधली अंतरं 15, 13, 14, 16, 13, 14. खरा माग असा चालत नाही, पण एआयचा चालतो. प्रत्येक ‘धप’ त्याच्या त्याच्या फ्रेमवर नेऊन ठेवली तर चित्राशी जुळेल, पण ऐकताना माग बिघडल्यासारखा अडखळेल. यंत्राच्या लयीतला असा अडखळा कान लगेच पकडतो, डोळा मात्र एखाद्या फ्रेमची चूक सहज सोडून देतो. म्हणून लय समान ठेवायची आणि चूक चित्राच्या पदरात टाकायची.

14 फ्रेमचं समान अंतर धरून पहिला ठोका 8 वर ठेवला तर ठोके 8, 22, 36, 50, 64, 78, 92 वर पडतात. त्यातले चार ठोके चित्राच्या आधी वाजतात, एक तर दोन फ्रेम आधी. आधी वाजलेला आवाज फार खटकतो. प्रसारणासाठीच्या बीटी.1359 या आयटीयू-आरच्या शिफारशीनुसार आवाज सुमारे 45 मिलिसेकंद आधी आला की प्रेक्षकाच्या लक्षात येतं, उशिरा आला तर मात्र सुमारे 125 मिलिसेकंदांपर्यंत चालून जातं. दूरच्या घटनेचा आवाज उशिराच पोचतो (दर मीटरला साधारण 3 मिलिसेकंद), याची आपल्याला जन्मभराची सवय आहे. 24 फ्रेममध्ये एक फ्रेम म्हणजे जवळजवळ 42 मिलिसेकंद. म्हणजे आधी फार तर एक फ्रेम, नंतर तीनपर्यंत.

तेव्हा सगळी माळच दोन फ्रेम पुढे सरकवा: 10, 24, 38, 52, 66, 80, 94. आता उशीर होतो 2, 1, 2, 2, 0, 1, 1 फ्रेम. एकही ठोका आधी नाही, सगळे मर्यादेत, आणि लय अखंड. ठोक्यासारख्या तीक्ष्ण आवाजाला दोन फ्रेमपेक्षा जास्त उशीर देऊ नये, तीनची सवलत गप्पा किंवा पडद्याच्या सळसळीसारख्या मऊ आवाजांना ठेवावी. ‘धप’ची माळ बसली की त्यामधल्या काळात प्रत्येक फेरीचा ‘ठक’ आणि त्यानंतर काही फ्रेमांनी पलीकडचा ‘टक’ भरा. क्रम चुकवू नका: धोटा सुटतो, पोचतो, मग फणी दाबते. ‘धप’ आणि ‘ठक’ एकाच क्षणी ठेवले तर मागाऐवजी हातोडा ऐकू येतो.

एक सूचना ठोक्याच्या टोकाबद्दल. आवाजाच्या फाईलची सुरुवात फ्रेमवर लावून उपयोग नाही, आवाजाच्या लाटेचा सर्वांत उंच काटा फ्रेमवर यायला हवा. उतरवलेल्या फायलींमध्ये काट्याआधी बऱ्याचदा थोडी शांतता असते, आणि बराच विनाकारण उशीर तिथूनच येतो. ती कापून टाका.

यापुढचा भाग शेडच्या घरघराटाचा, आणि सोलापुरात असाल तर तुम्हाला इथे खरा फायदा आहे. पूर्व भागातल्या गल्ल्यांत किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मालकाची परवानगी काढून दोन-दोन मिनिटांची तीन रेकॉर्डिंग घ्या: शेडच्या आत मधोमध, दारात, आणि बाहेर वीस-पंचवीस पावलांवर. विणकामाच्या शेडमध्ये आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. अशा जागी फोनचा माइक फाटतो, म्हणून आत गेन अगदी खाली आणा. ते जमत नसेल तर आतल्याऐवजी दारातलंच रेकॉर्डिंग वापरा. शिवाय अनेक फोनचं व्हॉइस रेकॉर्डर अ‍ॅप सततच्या आवाजाला गोंगाट समजून खाऊन टाकतं. ऐकताना घरघराट खालीवर लाटांसारखा येत असेल तर हेच झालंय. आवाज शुद्धीकरण बंद करता येईल असं अ‍ॅप किंवा साधा हातातला रेकॉर्डर घ्या. कानात बोळे घालून जा.

शेड दाखवणाऱ्या पहिल्या क्लिपमध्ये कुठल्याही एका मागाचा ठोका जुळवू नका. वीस माग आपापल्या लयीत चालले की कानाला एकच सलग गडगडाट येतो, आणि तो तसाच असला पाहिजे. तुमच्याकडे एकाच मागाचं रेकॉर्डिंग असेल तर त्याचे वेगवेगळे चार तुकडे घ्या, वेग 97, 100, 103 आणि 106 टक्के करा, सुरुवात वेगवेगळ्या ठिकाणाहून धरा आणि स्टिरिओत पसरवा. एकाच तुकड्याच्या चार प्रती टाकल्या तर आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ होतो, कारण सारख्या लाटा एकमेकींना काही ठिकाणी खोडतात. चारांपैकी दोन मागे ढकला: 4 किलोहर्ट्झच्या वरचं कापा आणि 6 डेसिबल खाली घ्या.

हा घरघराट पहिल्या क्लिपपासून तिसऱ्या क्लिपच्या शेवटापर्यंत एकाच तुकड्यात चालू ठेवायचा. पहिल्या आणि दुसऱ्या क्लिपच्या जोडावर तो कापायचा नाही. तिथे चित्र बदलतं, जागा तीच असते, आणि प्रेक्षकाला हे सांगणारा धागा म्हणजे हाच न तुटणारा आवाज. जवळचा माग येताना घरघराट फक्त 3 डेसिबल खाली न्या आणि त्यातला 2 ते 4 किलोहर्ट्झचा पट्टा आणखी 4 डेसिबलने दाबा, म्हणजे ‘ठक’ला जागा मिळेल. खऱ्या शेडमध्ये अशी जागा नसते. पण खराखुरा समतोल ठेवला तर फोनवर फक्त खरखर ऐकू येईल, म्हणून इथे वास्तवापेक्षा समजणं महत्त्वाचं. घरी केलेले कोरडे ठोके याच शेडमधले वाटावेत म्हणून त्यांना एकाच रिव्हर्बमधून पाठवा. घुमण्याचा काळ 0.7 सेकंदाच्या आसपास पुरेसा आहे: पत्रा घुमवतो खरा, पण बीमवरचं सूत आणि चादरींच्या थप्प्या बरंच शोषून घेतात. मोठ्या सभागृहाचा तीन सेकंदांचा घुमारा लावलात तर कारखान्याचं देऊळ होईल.

तिसऱ्या क्लिपचा जीव त्या दारात आहे. माणूस उंबरा ओलांडतो तेव्हा घरघराट नुसता हळू होत नाही, त्याचा पोत बदलतो. भिंत उंच सूर अडवते, जड सूर बाहेर येतात. म्हणून घरघराटाच्या ट्रॅकवर लो-पास फिल्टर लावून त्याची मर्यादा साधारण एका सेकंदात वरून 1 किलोहर्ट्झपर्यंत उतरवा, आणि त्याच काळात आवाज 10 ते 12 डेसिबल खाली आणा. उतरण माणसाचं डोकं चौकटीच्या रेषेत येतं तिथून सुरू करा. कॅमेरा आधीपासूनच बाहेर असेल तर मात्र घरघराट क्लिपच्या पहिल्या फ्रेमपासून बाहेरचाच हवा, आणि दार उघडताना तो क्षणभर उजळून पुन्हा मंद व्हायला हवा. आवाज कुठून ऐकायचा हे कॅमेऱ्याची जागा ठरवते. या एका गोष्टीची गल्लत झाली की बाकी सगळं नीट असूनही प्रसंग खोटा पडतो.

गल्लीत फार काही भरू नका. चहाच्या टपरीवर ग्लास ठेवल्याचा एक आवाज, लांबून जाणारी रिक्षा, आणि दोघा-तिघांचं अस्पष्ट बोलणं. हे बोलणं पूर्व भागातलं असेल तर त्यात तेलुगू हवंच, सोबत मराठी. तयार संग्रहातली हिंदी गर्दी टाकलीत तर सोलापूरकर तिथेच थबकेल. पक्ष्यांच्या बाबतीतही तेच. परदेशी संग्रहांतल्या ‘सकाळ’ किंवा ‘गाव’ अशा फायलींत युरोपातले पक्षी असतात, आपल्या कानाला ते नाव न सांगताही परके लागतात. दुपारच्या गल्लीला कावळा, साळुंकी, चिमण्या पुरे. कोकिळेचा आवाज उन्हाळा सांगतो, गड्ड्याच्या जत्रेच्या थंडीतल्या प्रसंगात तो घालू नका. फ्रीसाउंड या आवाजांच्या संकेतस्थळावरून काही घेतलंत तर प्रत्येक फाईलचा परवाना पाहा. तिथल्या काही फायली व्यावसायिक कामाला चालत नाहीत, काहींना श्रेय द्यावं लागतं, आणि सीसी0 च्या फायली मोकळ्या असतात.

पावलांसाठी पायाकडे पाहू नका. एआयचे पाय जमिनीवर घसरतात, कधी टेकतच नाहीत. डोकं पाहा. चालताना दोन्ही पाय जमिनीवर असतात त्या वेळी डोकं सर्वांत खाली असतं, आणि ही हेल एआय बऱ्यापैकी जपतं. डोकं खाली आलेल्या फ्रेमच्या आसपास चपलेचा आवाज ठेवा. पाय उघड घसरत असतील तर त्या पावलाचा आवाज गाळा आणि तिथे सदऱ्याची हलकी सळसळ द्या. पाऊल ऐकू आलं नाही तर कुणी शोधत नाही, पण चुकीच्या क्षणी ऐकू आलं तर नजर नेमकी त्या घसरत्या पायावर जाते. या आवाजांना शेडचा रिव्हर्ब अजिबात नको. अरुंद गल्लीची भिंत सुचवायची तर अगदी पुसट, एकच छोटी परतफेड पुरे.

चित्र पाहून आपोआप आवाज तयार करणारी मॉडेलंही आहेत, एमएमऑडिओ हे त्यातलं खुलं उदाहरण. त्यांचा उपयोग कच्च्या आराखड्यापुरता करा. ठोका, घुमारा, वातावरण सगळं एकाच ट्रॅकवर मिळतं, वेगळं काढता येत नाही. तीन क्लिप स्वतंत्रपणे दिल्या तर तीन वेगळ्या शेड ऐकू येतात आणि जोडावर धक्का बसतो. शिवाय मॉडेलला सोलापूरची गल्ली ठाऊक नाही. त्यातला एखादा सुटा फटका चांगला निघाला तर तो जरूर उचला.

शेवटच्या मिश्रणात समोरच्या मागाचे ठोके उणे 8 ते उणे 10 डेसिबलला टेकू द्या आणि बाकी सगळं त्याखाली रचा. यूट्यूबसाठी एकूण पातळी उणे 14 एलयूएफएस आणि खरं शिखर उणे 1 डेसिबलच्या आत ठेवा. मोजायला:

```
ffmpeg -i mix.wav -af ebur128=peak=true -f null -
```

मग फोनच्या स्पीकरवर ऐका. साधारण 200 हर्ट्झच्या खालचं तिथे जवळजवळ नाहीसं होतं, त्यामुळे दिवाणावरची ती सुंदर ‘धप’ गायब झालेली असेल. तिचा आवाज वाढवून काही होणार नाही. तिच्यासोबत 500 ते 800 हर्ट्झमधला एक बोथट लाकडी फटका हलकेच मिसळा, म्हणजे फोनवर तो फटका ऐकू येतो आणि हेडफोनवर मूळ जडपणा राहतो.

तरीही काही खटकत असेल तर ठोक्यांचा सगळा ट्रॅक आधी तीन फ्रेम मागे आणि मग तीन फ्रेम पुढे सरकवून पाहा. दोन्ही वेळा स्पष्टपणे बिघडलं, तर जुळणी बरोबर होती आणि दोष आवाजाच्या पोतात किंवा अंतरात आहे: रिव्हर्ब आणि उंच सूर तपासा. एका बाजूला सरकवल्यावर सुधारलं तर माळ तिकडे हलवा. कुठेच फरक पडला नाही, तर घरघराट इतका वर आहे की ठोके त्यात बुडालेत.

चित्र आणि आवाज जोडताना एक शेवटची अडचण येते. काही मूक एआय क्लिपमध्ये आवाजाचा रिकामा ट्रॅक आधीच असतो आणि तोच निवडला गेला तर फाईल पुन्हा मुकी निघते. म्हणून कोणत्या फाईलमधून काय घ्यायचं ते स्पष्ट सांगा:

```
ffmpeg -i video.mp4 -i mix.wav -map 0:v -map 1:a -c:v copy -c:a aac -b:a 192k final.mp4
```